आप्पांची जखम आणि तात्यांचं ऊन

*वाचकाचं पत्र*

मी पुण्यात नोकरी करते. घर कोल्हापूर जिल्ह्यात, दोन एकर ऊस आणि थोडं भात. आप्पा ६२ वर्षांचे आहेत, अजून रोज शेतात जातात. धाकटे काका, म्हणजे तात्या, ४४ वर्षांचे, रस्त्याच्या कामावर मुकादम आहेत. उन्हामुळे त्वचेचा कॅन्सर होतो असं मध्यंतरी वाचलं आणि माझी झोप उडाली. आप्पांसाठी सनस्क्रीनच्या दोन ट्यूब घेऊन गेले. त्यांनी वास घेतला आणि फडताळात ठेवून दिल्या. "आमची कातडी उन्हातच रापलेली, आम्हाला काय हुतंय," म्हणाले. तात्यांचं मला तेवढं वाटत नाही. ते जन्मापासून भुरे, केसही पिवळे. लाल होणं, कातडं सोलणं त्यांना लहानपणापासून सवयीचं आहे. आप्पांना तसा काही त्रास नाही. फक्त लहानपणी गुऱ्हाळात भाजल्याचा नडगीवर मोठा व्रण आहे, त्याला पाचट लागून जखम झाली, ती सहा महिने भरली नाही. गावातल्या दवाखान्यात ड्रेसिंग चालू आहे. आप्पांना सनस्क्रीन लावायला कसं पटवू?

*उत्तर*

सनस्क्रीनचं नंतर बोलू. आधी रजा काढा आणि याच आठवड्यात आप्पांना घेऊन कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात जा. तिथल्या त्वचारोग किंवा सर्जरी विभागात ती नडगीवरची जखम दाखवा. तुम्ही तिच्याबद्दल "फक्त" म्हणून लिहिलंत, पण सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटली.

कारण सांगते. भाजल्याचा व्रण बाहेरून बरा झालेला दिसला तरी ती कातडी पहिल्यासारखी कधीच होत नाही. तिच्यात घामाच्या ग्रंथी नसतात, रक्तपुरवठा कमी असतो, ती ताणली जात नाही. नडगीवर तर खाली लगेच हाड, त्यामुळे जराशा खरचटण्याने ती फुटते, भरते, पुन्हा फुटते. दर वेळी जखम भरून काढायला पेशींना नव्याने वाढावं लागतं, आणि वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं की कधीतरी त्या वाढीवरचा ताबा सुटतो. अशा व्रणात होणाऱ्या कॅन्सरला डॉक्टर मार्जोलिनचा व्रण म्हणतात. भाजल्यापासून तो दिसेपर्यंत साधारण तीसेक वर्षं जातात, कधी त्याहून जास्त. काहिलीतला उकळता रस पायावर सांडला तेव्हा आप्पा दहा-बारा वर्षांचे असतील, तर आज त्याला पन्नास वर्षं झाली.

हा कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही. पाय पाहिल्याशिवाय कुणीच म्हणू नये. साखर वाढलेली असली, पायाच्या शिरा फुगलेल्या असल्या, जखमेत जंतू घर करून बसले असले तरी जखम महिनोन्महिने रेंगाळते. त्या तपासण्या होतीलच. पण जुन्या व्रणातली जखम तीन महिन्यांत भरली नाही, तर तिच्या कडेचा तुकडा काढून तपासायलाच हवा, आणि आप्पांना सहा महिने झाले आहेत. तोवर तुम्ही घरी काही गोष्टी पाहू शकता. जखमेची कड सपाट आहे की वळकटीसारखी उचललेली आणि कडक? आत फुलकोबीसारखं मांस वाढतंय का? पट्टी काढताना सहज रक्त येतं का, वास येतो का? पूर्वी दुखत नव्हती ती आता ठणकते का? आणि त्याच बाजूच्या जांघेत गाठ लागते का? यातलं एकही "हो" असेल तर आठवडासुद्धा थांबू नका. सगळी उत्तरं "नाही" असली तरी तपासणी टाळू नका.

तुकडा काढायचा म्हटलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "सुरी लागली की पसरतो." हे मी इतक्यांदा ऐकलंय आणि त्यापायी इतके पाय उशिरा आलेले पाहिलेत, की इथे स्पष्टच लिहिते. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही समजूत खोटी आहे. जागा बधिर करून कडेचे दोन-तीन छोटे तुकडे घेतात, आप्पा त्याच दिवशी चालत घरी येतील. वेळेत कळलं तर व्रणाचा तो भाग भोवतालच्या चांगल्या कातडीसकट काढून मांडीची कातडी लावतात आणि बहुतेकदा पाय वाचतो. उशीर झाला, हाडापर्यंत गेलं, तर गोष्ट वेगळी होते. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, दोन वर्षं एकाच जखमेवर मलम लावत होते. ते जखमेसाठी आलेच नव्हते, जांघेतल्या गाठीसाठी आले होते. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. कॅन्सरवरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात.

आता आप्पांच्या त्या वाक्याकडे येऊ. तुम्हाला ते अडाणीपणाचं वाटलं. मला ते बरंचसं खरं वाटतं.

तुम्ही जे वाचलंत ते बहुधा ऑस्ट्रेलिया, युरोप किंवा अमेरिकेतल्या लोकांसाठी लिहिलेलं असणार. गोऱ्या कातडीची माणसं ऑस्ट्रेलियाच्या उन्हात जाऊन वसली आणि तिथे त्वचेचा कॅन्सर घरोघरी झाला. १९८१ पासून तिथे "शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी चढवा" अशी मोहीम चालू आहे आणि तिथल्या लोकांसाठी ती योग्यच आहे. आपल्या कातडीत मात्र मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य भरपूर असतं. पेशीच्या केंद्रकावर ते छत्रीसारखं बसतं आणि उन्हातले अतिनील किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा आणि पेशीतल्या जनुकांची मोडतोड करणारा उन्हाचा भाग, बराचसा तिथेच शोषला जातो. गोऱ्या कातडीच्या मानाने गर्द काळ्या कातडीतून हे किरण चार-पाच पट कमी आत जातात. आपण बहुतेक जण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. म्हणून भारतात त्वचेचा कॅन्सर एकूण कॅन्सरच्या मानाने कमीच आढळतो. आणि जो आढळतो त्यातला बराचसा उन्हाने न झालेला असतो. तो जुन्या भाजलेल्या व्रणात, न भरणाऱ्या जखमेत, तळपायावर, नखाखाली होतो. सतत काचणाऱ्या जागीही होतो. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट बांधलेल्या धोतराच्या रेषेवर होणाऱ्या कॅन्सरबद्दल मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ सालीच लिहिलं होतं. साडीच्या गाठीखालीही तो होतो. आईच्या कमरेवर परकराच्या नाडीची रेषा काळी, जाड, खरबरीत झाली असेल आणि तिथे भेग पडत असेल, तर नाडीऐवजी रुंद पट्टा घ्यायला सांगा आणि तीही जागा दाखवून घ्या.

म्हणजे आप्पांना ऊन बाधतच नाही, असं मात्र नाही. त्यांची कातडी रापून वाचते, पण दोन जागा रापत नाहीत. एक डोळे. मोतीबिंदू लवकर येण्यात आणि बुबुळावर नाकाच्या बाजूने सरकत येणाऱ्या मांसल पडद्यात आयुष्यभराच्या उन्हाचा वाटा असतो. दुसरी खालचा ओठ, कारण तो उन्हाकडे तोंड करून असतो आणि त्यात रंगद्रव्य कमी असतं. आप्पा तंबाखू किंवा विडी घेत असतील तर त्या ओठावर दोन्हीचा मारा होतो. ओठावर पांढरट, कोरडा, पुन्हा पुन्हा सोलणारा डाग महिनाभर राहिला तर दाखवावा. या दोन्हींसाठी त्यांना क्रीमची गरज नाही. कपाळावर सावली पाडणारी काठाची टोपी किंवा पुढे ओढून बांधलेला टॉवेल पुरतो, आणि तेवढं ते ऐकतील. गांधी टोपीने टाळू झाकते, डोळे आणि ओठ उन्हातच राहतात.

तुमच्या घरात उन्हाने कॅन्सर होण्याचा खरा धोका कुणाला असेल, तर तो तात्यांना.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तात्यांना अल्बिनिझम असावा. हे कोड नव्हे. कोडात असलेला रंग ठिकठिकाणी जातो, यात मेलॅनिन बनवण्याची क्रियाच जन्मापासून अधू असते. संसर्गाचा प्रश्नच नाही. तुम्ही लिहिलंत की लाल होणं त्यांना सवयीचं आहे. माणसाला सवय होते, कातडीला होत नाही. दर वेळी लाल होणं म्हणजे पेशी भाजणं. त्यातल्या काही मरून सोलून जातात, काही मोडक्या जनुकांसह जगतात, आणि हे वर्षानुवर्षं साठत जातं. आफ्रिकेत, विशेषतः टांझानियात, शेतात राबणाऱ्या अल्बिनिझमच्या कित्येक माणसांना संरक्षणाविना तिशी-चाळिशीतच त्वचेचा कॅन्सर गाठतो. म्हणून तिथे मोशी गावातल्या केंद्रात त्यांच्यासाठी मुद्दाम सनस्क्रीन तयार करून वाटतात. तात्या ४४ वर्षांचे आहेत आणि उघड्या रस्त्यावर उभे राहून काम करून घेतात. त्याच खेपेला त्यांनाही बरोबर न्या.

डॉक्टरकडे जाण्याआधी एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. त्यांच्या कपाळावरून, कानाच्या पाळीवरून, टक्कल असेल तर टाळूवरून आणि हाताच्या पाठीवरून बोटं फिरवा. डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागते अशी एक खूण असते. पॉलिश पेपरसारखा खरबरीत, चिकटलेला खपला, जो काढला तरी पुन्हा येतो. हा कॅन्सर नसतो, पण त्याच्या वाटेवरचा थांबा असतो. या टप्प्यावर अतिथंड नायट्रोजन लावून तो काही मिनिटांत काढता येतो. मोत्यासारखी चमकणारी गाठ, मधे खड्डा पडून रक्त येणारा फोड किंवा महिनाभर न भरलेलं फोडासारखं काही दिसलं, तर मात्र तुकडा तपासावा लागतो. काही नसलं तरी दर सहा महिन्यांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासणी ठेवावी. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा. अल्बिनिझममध्ये नजर बहुधा मंद असते, आणि ती ठरावीक मर्यादेखाली असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं.

आता तात्यांच्या रोजच्या दिवसाचं बघू. सगळे जण इथे एक चूक करतात, ऊन उष्णतेवरून मोजतात. अतिनील किरण गरम लागत नाहीत. गार वारा सुटला, वर पातळ ढग आले तरी ते खाली येतातच. आणि त्यांची वेळही उष्णतेच्या वेळेहून वेगळी असते. अंगाची लाही होते ती तीनच्या सुमारास, पण हे किरण सर्वांत तीव्र असतात सूर्य डोक्यावर असताना. घड्याळात बारा वाजता कोल्हापुरात सूर्य माथ्यावर नसतो, तो तिथे येतो साधारण साडेबाराला. मेच्या पहिल्या आठवड्यात त्या वेळी तुमच्या गावात खांबाची सावली त्याच्या बुडाशी नाहीशी होते. दिवसभराच्या अतिनील किरणांपैकी निम्म्याहून जास्त या माथ्याच्या चार तासांत येतात.

तात्यांना घड्याळाचीही गरज नाही. स्वतःची सावली स्वतःपेक्षा आखूड झाली की किरण जोरात आहेत, असं धरायचं. मे महिन्यात कोल्हापुरात ही स्थिती साधारण साडेनऊपासून साडेतीनपर्यंत असते, डिसेंबरात अकरा ते दोन. मुकादम असण्याचा इथे फायदा आहे. डांबर टाकायचं काम सकाळी लवकर किंवा संध्याकाळी लावणं, माथ्यावरच्या वेळात हजेरी, हिशेब, मालाची मोजणी ताडपत्रीखाली किंवा झाडाखाली करणं, हे ते ठरवू शकतात. गँगमधल्या बाकीच्यांनाही यातून उष्माघातापासून आराम मिळेल. हिवाळ्याच्या गारव्यात मात्र तात्यांनी फसू नये. लोकांचा चेहरा सर्वांत जास्त तेव्हाच उघडा असतो.

कपड्यांवर मी सनस्क्रीनपेक्षा जास्त भिस्त ठेवते. रस्त्याच्या कामावरच्या बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट घालतात आणि डोक्या-कानांवरून रुमाल घट्ट बांधतात, हा मी पाहिलेला सर्वांत चांगला बचाव आहे. तात्यांनी तोच घ्यावा. कापड उजेडासमोर धरून पाहा. आरपार उजेड दिसला तर किरणही आरपार जातात. धुऊन धुऊन विरलेला पांढरा सुती शर्ट फारसा उपयोगाचा नाही, आणि घामाने भिजला की आणखी निकामी होतो. दाट विणीचा, गडद रंगाचा, सैल शर्ट घ्यावा, बाह्या मनगटापर्यंत आणि कॉलर वर. सैल असला तर वारा खेळतो, गडद रंगाचा जाच कमी होतो. टोपीचा काठ चहूबाजूंनी चार बोटं तरी हवा. क्रिकेटची टोपी कपाळ वाचवते आणि कान, मान उघडी टाकते, आणि नेमकं तिथेच कॅन्सर होतो. कामावर हेल्मेट सक्तीचं असेल तर त्याच्या मागून मानेवर कापड सोडावं. गॉगल रस्त्यावरचा वीस रुपयांचा नको. काच काळी पण किरण अडवत नसेल तर बाहुली रुंदावते आणि उलट जास्त किरण आत जातात. चष्म्याच्या दुकानात यूव्ही ४०० लिहिलेला मिळतो.

एवढं झाकल्यावर उरतं ते नाक, गाल, ओठ आणि हातांची पाठ. क्रीम त्यासाठी आहे. तुम्ही पैशांचा विचार केला असेलच, म्हणून हिशेब मांडते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि उघडी मान असेल तर चेहरा, कान, मान यांना एक चमचा आणि दोन्ही हातांना एकेक चमचा, म्हणजे एका वेळी पंधरा मिली. घामामुळे ते दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. दिवसातून तीनदा लावलं तर पंचेचाळीस मिली, म्हणजे ५० मिलीची ट्यूब एका दिवसात संपली. कुठल्या मजुराला परवडेल? त्यामुळे लोक बोटभर लावतात आणि डब्यावरच्या आकड्यावर विसंबून उघड्याने उन्हात जातात. ते न लावण्यापेक्षा वाईट, कारण त्या भरवशावर माणूस शर्ट काढतो. पूर्ण झाकलेल्या तात्यांना एका वेळी पाच-सहा मिली लागेल, म्हणजे ट्यूब तीन दिवस पुरेल. हाही खर्च जड असेल तर पैसे आधी शर्ट-टोपीवर घाला आणि क्रीम फक्त सावली आखूड असतानाच्या वेळात लावा. ५० एसपीएफची, ट्यूबवर ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलेली घ्या. ओठांना विसरू नका.

अशी घरं आणखी असतील, म्हणून त्या वाचकांसाठी एक भर घालते. शेतातून आल्यावर चेहरा, मान, कोपराचे खळगे काळवंडून जाड होतात आणि खाज सुटते, त्याला सगळे "उन्हाची ॲलर्जी" म्हणतात. आपल्याकडे ती पुष्कळदा गाजर गवताची असते. गवताचा चुरा वाऱ्याने उडून उघड्या कातडीवर बसतो आणि ऊन ती भडकवतं. सनस्क्रीनने ती जात नाही. फुलाला येण्याआधी हातमोजे घालून ते गवत उपटावं लागतं आणि शेतातून आल्यावर लगेच अंग, कपडे धुवावे लागतात. मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची क्रीम महिनोन्महिने लावू नका, कातडी पातळ होते. आणि रक्तदाबाची हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी बरीच वर्षं चालू असेल आणि रोज उन्हात काम असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, कारण ती कातडीला उन्हासाठी हळवी करते. गोळी स्वतःहून मात्र बंद करू नका.

आप्पांना पटवायचं कसं, हे तुम्ही विचारलंत. क्रीमसाठी पटवूच नका, त्यांचं म्हणणं मान्य करा. "आप्पा, तुमची कातडी खरंच उन्हातली आहे, तुम्ही म्हणता ते बरोबर. पण गुऱ्हाळात भाजलेली कातडी तशी राहिलेली नाही, ती मला डॉक्टरांना दाखवायची आहे," असं म्हणा. ज्या माणसाचं आपण एक खरं मानतो तो दुसरं ऐकतो. तात्यांशी बोलणं कदाचित जास्त अवघड जाईल. आयुष्यभर ते लोकांच्या नजरा झेलत आलेत, त्यांच्या रंगावर कुणी बोललं की गप्प होत असतील. त्यांच्याशी एकट्याने, घरात बोला, आणि कॅन्सरपासून सुरुवात करू नका, डोळ्यांपासून करा. "उन्हात तुम्हाला दिसायला त्रास होतो ना?" असं विचारलं की बहुतेक जण मोकळे होतात.

आणि फडताळातल्या त्या दोन ट्यूब काढा, मागची मुदतीची तारीख बघा, आणि तात्यांना द्या.